तिसरे पान, मधला पट्टा
केळीबागेच्या पान-परीक्षणाच्या पुस्तिकेची प्रस्तावना

निसवणीला आलेल्या केळीच्या झाडावर दहा-बारा जिवंत पाने असतात. त्यांतले वरचे पान तोडून प्रयोगशाळेत दिले तर नत्र भरपूर निघतो. त्याच झाडाचे अगदी खालचे पान दिले तर नत्र कमी निघतो. कॅल्शियमचे नेमके उलटे असते, खालच्या पानात जास्त आणि वरच्यात कमी. प्रयोगशाळेचे यात काहीही चुकलेले नसते. नत्र, स्फुरद आणि पालाश ही अन्नद्रव्ये झाडात फिरती आहेत. पान जुने होऊ लागले की झाड ती काढून नव्या वाढीकडे पाठवते. कॅल्शियम मात्र एकदा पानात बसले की हलत नाही, पान जगेल तितके दिवस साठतच जाते. त्यामुळे “माझ्या बागेत पालाश किती आहे?” या प्रश्नाला पान, पानाचा भाग आणि पीक कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बागायतदारांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेचा गाभा एवढाच आहे. अहवालातला आकडा ज्या तक्त्याशी ताडून पाहायचा, तो तक्ता विशिष्ट पानाच्या विशिष्ट भागासाठी तयार झालेला असतो. पान दुसरे निघाले तर तक्ता निरुपयोगी होतो आणि त्यावर दिलेले खतही. पुस्तिकेत फळपिके अनेक आहेत, पण या प्रस्तावनेत मी केळीच घेतो. अर्धापूर, मुदखेड आणि नांदेडच्या आसपासचा पट्टा केळीचा आहे. इसापूर धरणाच्या कालव्यांवर आणि विहिरींवर इथे केळी उभी राहिली. नांदेडला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्रही आहे. केळीचे एक पान समजले की बाकीच्या झाडांचे तर्कशास्त्र आपोआप समजते.

माती तपासली, मग पान कशाला?

हा प्रश्न शेतकरी विचारतातच आणि तो रास्त आहे. मातीचा अहवाल सांगतो की जमिनीत किती आहे. पान सांगते की झाडाला त्यातले किती मिळाले. आपल्या काळ्या जमिनीत या दोन गोष्टींत मोठे अंतर पडते. मराठवाड्याच्या भारी जमिनींच्या अहवालात पालाश बहुतेक वेळा “जास्त” किंवा “अत्यंत जास्त” या रकान्यात बसतो. त्यावरून पालाशाचा हात आखडता घ्यावा असे वाटते. पण या जमिनीतली चिकणमाती पालाश धरून ठेवते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळांच्या तोंडाशी त्याच्याशी स्पर्धा करतात, आणि जमिनीत वाफसा नसेल तर मुळाला श्वासच घेता येत नाही. पालाश आत ओढून घ्यायला मुळाला ताकद खर्चावी लागते आणि ती ताकद हवेवाचून तयार होत नाही. जमिनीत भरपूर असूनही झाड उपाशी, असे चित्र केळीत यातूनच दिसते. चुनखडीयुक्त जमिनीत जस्त आणि लोह यांचेही असेच होते. म्हणून माती आणि पान यांपैकी एक निवडायचे नसते. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की त्यांच्यातली तफावतच दुखण्याची जागा दाखवते.

तिसरे पान कसे मोजायचे

केळीच्या शेंड्यातून नवे पान सुरळी होऊन बाहेर येते. त्याला आपण पोंगा म्हणतो. पोंगा मोजायचा नाही. अर्धवट उलगडलेले पानही मोजायचे नाही. पूर्ण उघडलेले सर्वांत वरचे पान पहिले, त्याखालचे दुसरे आणि त्याखालचे तिसरे. मोजताना पाने एकाखाली एक सरळ रांगेत नसतात, खोडाभोवती फिरत उतरतात. म्हणून समोर उभे राहून नजरेने न मोजता झाडाभोवती फिरून प्रत्येक देठ कुठून निघाला आहे ते पाहावे. पोंगा धरून मोजणाऱ्याच्या हाती दुसरे पान येते आणि अहवालात नत्र-पालाश फुगून दिसतात.

तिसरेच पान का, हेही समजून घेतले पाहिजे. पहिल्या-दुसऱ्या पानात भरणा अजून चालू असतो, त्यामुळे त्यांतले आकडे दर दिवशी बदलतात. पाचव्या-सातव्या पानाच्या पुढे उतार लागतो. तिसरे पान पूर्ण वाढलेले असते आणि अजून म्हातारपणाकडे झुकलेले नसते, म्हणून तिथले प्रमाण थोडा काळ तरी स्थिर राहते. एका झाडाची दुसऱ्याशी आणि एका बागेची दुसरीशी तुलना करायला असेच स्थिर ठिकाण लागते. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे लागातू आणि मोम या दोन संशोधकांनी १९२० च्या दशकात द्राक्षवेलीवर पान-परीक्षणाचा पाया घातला. झाडावरची ठरावीक जागा ठरवायची आणि तिथलेच पान नेहमी तपासायचे, ही शिस्त तेव्हापासूनची आहे.

पाते की देठ

तिसरे पान सापडले तरी काम संपले नाही. त्या पानाचा कोणता भाग घ्यायचा? आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार पानाच्या लांबीच्या मधोमध साधारण १० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घेतात. मधली जाड शीर कापून टाकायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पाते तेवढे ठेवायचे. भारतात अनेक शिफारशींत मात्र तिसऱ्या उघड्या पानाचा देठ घ्यायला सांगितले आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो नमुना एका पद्धतीचा आणि तक्ता दुसऱ्या पद्धतीचा वापरल्यामुळे.

हा घोळ किती मोठा असतो ते पाहा. इस्रायलचे इमॅन्युएल लहाव आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड टर्नर यांनी केळीसाठी दिलेल्या किमान मर्यादा जगभर वापरल्या जातात. त्यांनुसार तिसऱ्या पानाच्या पात्यात नत्र २.६ टक्के हवा. त्याच पानाच्या मधल्या शिरेत ०.६५ टक्के पुरतो आणि सातव्या पानाच्या देठात ०.४ टक्के. आता एखाद्याने शीर न काढता पट्टा दिला आणि अहवालात नत्र १.८ टक्के आला, तर पात्याच्या तक्त्याप्रमाणे झाड नत्रासाठी तडफडते आहे असे ठरते. प्रत्यक्षात शिरेने पात्यातला नत्र पातळ करून दाखवलेला असतो. त्या बागेत युरियाचा जादा हप्ता दिला की केळी लुसलुशीत वाढते, उंच होते आणि उन्हाळी वाऱ्यात मोडते. पालाशाची मर्यादा पात्यात आणि शिरेत दोन्हीकडे सुमारे ३ टक्केच आहे, त्यामुळे तो आकडा सांभाळून जातो आणि चूक लक्षातही येत नाही. अहवालात नत्र फारच कमी आणि पालाश ठीक दिसला, तर आधी खत न देता नमुन्यात शीर राहिली होती का, हे विचारावे.

नमुना कधी आणि कसा

वेळेचेही दोन मार्ग आहेत. लागवडीनंतर चौथ्या महिन्याच्या सुमारास, झाडाच्या पोटात घडाची रचना ठरण्याच्या काळात नमुना घेतला, तर त्याच पिकाला खत देऊन सुधारणा करता येते. निसवणीच्या वेळी, म्हणजे कमळ बाहेर येऊन फण्या उघड्या पडताना घेतला, तर आकडे जास्त भरवशाचे मिळतात. निसवणीनंतर नवे पान येत नाही, म्हणून तिसरे पान तिसरेच राहते आणि सगळ्या झाडांची अवस्था नेमकी एक असते. पण त्या घडासाठी तोवर उशीर झालेला असतो. निसवणीचा अहवाल मुख्यतः खोडव्यासाठी आणि पुढच्या लागवडीसाठी वाचायचा. घड भरू लागल्यावर मात्र नमुना घेऊ नये. फळे पालाश ओढून घेतात, पानातला आकडा उतरतो आणि चांगल्या बागेतही कमतरता दिसते.

नमुना घ्यायचा भाग एकसारखा असावा. एकच वाण, एकच लागवड, एकच जात जमिनीची. भाग तिरका-तिरका ओलांडत पंधरा ते वीस झाडे निवडावीत. बांधाकडच्या आणि रस्त्याकडच्या ओळी सोडाव्यात. करप्याचे डाग असलेली, विषाणूने गाठलेली किंवा मोडलेली झाडे घेऊ नयेत. नुकतीच सूक्ष्म अन्नद्रव्यांची किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी झाली असेल तर नमुना पुढे ढकलावा. पानावर सुकून बसलेले जस्त आणि तांबे धुऊन पूर्ण जात नाही.

पट्टे कापले की ते कागदी किंवा सुती पिशवीत भरावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले पान तासाभरात घामेजते, कुजायला लागते आणि त्याचे वजन व रसायन दोन्ही बदलते. त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवणे सर्वांत चांगले. घरी धुवायचे असेल तर साध्या पाण्याने, मग अगदी सौम्य साबणाच्या पाण्याने आणि शेवटी शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याने, तेही पान ताजे असतानाच आणि झटपट. सुकलेले पान धुतले तर पालाश पाण्याबरोबर निघून जातो. प्रयोगशाळेत नमुना सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात, दळतात आणि मगच पुढची परीक्षा होते. अहवालातले सगळे टक्के या कोरड्या वजनावरचे असतात.

आकडे वाचताना

पुरेशा प्रमाणाची मर्यादा ही पुढे गेले की पास आणि मागे राहिले की नापास, अशी रेघ नसते. एखादे अन्नद्रव्य सोडून बाकी सगळे व्यवस्थित असताना, पानातले त्याचे प्रमाण ज्या ठिकाणी खाली आले की उत्पादन घसरू लागते, ती जागा प्रयोगांतून काढलेली असते. सहसा उत्पादन जास्तीत जास्तच्या सुमारे ९० टक्क्यांवर येते ती जागा मर्यादा मानतात. मर्यादेच्या थोडे वर-खाली गेले तर घाबरायचे नाही. पात्यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आकडे मोजकेच आहेत: नत्र २.६, स्फुरद ०.२, पालाश ३.०, कॅल्शियम ०.५ आणि मॅग्नेशियम ०.३ टक्के, जस्त १८ आणि लोह ८० भाग प्रतिदशलक्ष.

पालाशाच्या बाबतीत अहवालाचे एकक आधी पाहावे. काही अहवाल पालाश मूलद्रव्य म्हणून देतात, काही ऑक्साइडच्या रूपात. खताच्या पोत्यावर नेहमी ऑक्साइडच असते. मूलद्रव्याच्या आकड्याला १.२ ने गुणले की ऑक्साइडचा आकडा येतो. म्हणजे ३ टक्के पालाश ऑक्साइडच्या भाषेत ३.६ टक्के. ऑक्साइडचा ३.१ हा आकडा मूलद्रव्याच्या तक्त्याशी ताडला तर कमतरता असूनही बाग ठीक वाटते.

आता एक अहवाल सोबतच वाचू. तो समजावण्यासाठी रचला आहे, पण असे चित्र या भागात ओळखीचे आहे. कालव्याखालची भारी काळी जमीन, जूनमध्ये लावलेली ग्रँड नैन, ठिबक आणि झाडामागे वेळापत्रकानुसार पूर्ण खत. बागेचा उंचवट्याचा भाग डौलदार आहे. नाल्याकडच्या सखल भागात झाडे ठेंगणी आहेत, खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळतात आणि घडाला फण्या कमी आहेत. शेतकऱ्याने निसवणीच्या वेळी, एकाच दिवशी, दोन्ही भागांतून वेगवेगळे नमुने घेतले. या पुस्तिकेत सर्वांत जास्त भर आम्ही या जोडनमुन्यावर दिला आहे.

उंचवट्याच्या नमुन्यात नत्र २.८, पालाश ३.३, मॅग्नेशियम ०.४० टक्के, जस्त १६ आणि लोह १३० भाग प्रतिदशलक्ष निघाले. सखल भागात नत्र २.७, पालाश २.३, मॅग्नेशियम ०.४६ टक्के, जस्त १५ आणि लोह ३२० भाग निघाले. मातीच्या अहवालात पालाश दोन्हीकडे “अत्यंत जास्त”.

पहिली नजर जस्ताकडे जाते, कारण ते दोन्हीकडे १८ च्या खाली आहे. पण दोन्ही भागांत ते जवळपास सारखेच असताना झाडांत एवढा फरक आहे, म्हणजे फरकाचे कारण जस्त नाही. जस्त सगळ्याच बागेला द्यायला हवे, ते वेगळे काम. नत्रही दोन्हीकडे ठीक आहे, म्हणून सखल भागाला “जरा युरिया जास्त” देण्याचा मोह आवरावा. लोहाचा ३२० हा आकडा संशयास्पद आहे. आपली काळी माती लोहाने भरलेली आहे आणि पानावर चिकटलेली चिमूटभर धूळ हा आकडा वर नेते. तो नमुना नीट धुतला गेला का, हे विचारावे. शिवाय पानातल्या एकूण लोहाच्या आकड्यावर एरवीही फारसे विसंबू नये. चुनखडीच्या जमिनीत पिवळ्या पडलेल्या पानात हिरव्या पानाइतकेच किंवा त्याहून जास्त लोह सापडते, कारण लोह पानात पोहोचूनही कामाला लागलेले नसते.

उरतो पालाश. एकाच दिवशी, त्याच पानाच्या त्याच पट्ट्यात ३.३ विरुद्ध २.३. मॅग्नेशियम सखल भागात थोडे वर चढले आहे आणि पालाश उतरला की ते चढतेच, कारण दोघे मुळाशी एकाच वाटेने येतात. त्यामुळे हा फरक नमुन्यातल्या गफलतीचा नाही, झाडातला आहे. माती दोन्हीकडे पालाशाने सारखीच भरलेली आहे. मग उत्तर मुळाशी शोधायला हवे. कुदळीने झाडापासून हातभर अंतरावर खड्डा घेतला तर उंचवट्यावर पांढरी, टणक मुळे दिसतील. सखल भागात ती काळी, मऊ आणि कुजकट वासाची निघतील, आणि मातीचा गोळा हाताला चिकटेल. दोन्हीकडे ठिबक सारखेच तास चालते आहे, पण सखल भागात वरून पाझरूनही पाणी येते. तिथे वाफसाच होत नाही. अशा जमिनीत पोटॅशचे आणखी पोते टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी नाल्याच्या कडेने चर काढायचा, त्या भागाची व्हाल्व्ह वेगळी करून पाण्याचे तास कमी करायचे, आणि नवी पांढरी मुळे दिसू लागली की पालाश ठिबकमधून छोट्या-छोट्या हप्त्यांत द्यायचा. पालाशाची फवारणी तात्पुरता आधार देते, पण केळीची भूक फवारणीने भागत नाही. या घडाला फारसे मिळणार नाही. खोडव्याच्या चौथ्या महिन्यात पुन्हा तोच पट्टा तपासला की चर लागू पडला की नाही, ते कळेल.

इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. झाड एखाद्या कारणाने खुंटले की पाने लहान राहतात आणि त्यांत बाकीची अन्नद्रव्ये दाटतात. अहवालात ती “पुरेशी” दिसतात, पण झाड सुखी नसते. उलट भरपूर वाढीच्या झाडात तेवढीच अन्नद्रव्ये मोठ्या पानावर पसरून थोडी कमी दिसतात. म्हणून आकडा एकट्याने वाचू नये. खोडाचा घेर, पानांची संख्या आणि घडाचे वजन यांच्या सोबतच वाचावा.

बाकीची झाडे

औशाच्या द्राक्षबागायतदाराने हाच नियम लावला तर भाग बदलतो, तर्क तोच राहतो. फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचा देठ घ्यायचा आणि पाते तिथल्या तिथे तोडून टाकायचे, कारण ते जोडलेले राहिले की देठातले आकडे बदलतात. मोसंबीत फळ नसलेल्या फांदीवरची पाच ते सात महिन्यांची पाने, साधारण छातीच्या वरच्या उंचीवरून, झाडाच्या चारही बाजूंनी घ्यायची. फळ असलेल्या फांदीवरचे पान फळालाच पोसत असते, म्हणून ते वगळायचे. केसर आंब्यातही कोवळी पालवी सोडून, काही महिने जुन्या, फळ न लागलेल्या फांदीची मधली पाने लागतात. या सगळ्यांचा तपशील त्या-त्या प्रकरणात आहे.

शेवटी या तक्त्यांच्या मर्यादेविषयी. लहाव-टर्नर यांचे आकडे प्रामुख्याने बाहेरच्या देशांतल्या बागांवरून आले आहेत. ग्रँड नैन, बसराई आणि आपली अर्धापुरी एकाच कॅव्हेंडिश कुळातल्या असल्यामुळे ते आपल्याला आधार देतात. पण चुनखडीची काळी जमीन, मे महिन्यातला वारा आणि डिसेंबरमधली थंडी त्या तक्त्यात नाही. आपल्या भागाचे आकडे आपल्याच बागांतून निघतील. त्यासाठी प्रत्येक नमुन्याच्या पिशवीवर वाण, लागवडीची तारीख, नमुन्याची तारीख, पानाचा भाग, शेवटची फवारणी आणि गट क्रमांक लिहावा, आणि काढणीला त्याच भागातल्या दहा-बारा घडांचे वजन त्याच वहीत नोंदवावे. गावातल्या वीस-पंचवीस बागांच्या अशा वह्या काही हंगाम जमल्या, की भरघोस बागांत पालाश खरोखर ३ वर असतो की ३.४ वर, हे अर्धापूरलाच सांगता येईल. या पुस्तिकेच्या शेवटी कोरे तक्ते त्यासाठीच दिले आहेत. ते भरायला सुरुवात याच हंगामात करावी.